साडेदहाचं कलोसियम

पूर्वी प्रेक्षणीय स्थळ बघायला फक्त स्थळ लागायचं. गाडी थांबेल तिथे उतरायचं, खिडकीशी जाऊन "पाच मोठी, दोन लहान" म्हणायचं, त्या लहानांत मिसरूड फुटलेला एखादा भाचाही खपवायचा आणि आत शिरायचं. स्थळ बंद असलं तर बाहेरून फोटो काढायचा, भेळ खायची आणि घरी येऊन "आतून विशेष काही नाही" असं सांगायचं. आता ती सोय राहिलेली नाही. रोमला जायचं ठरवलं की दोन महिने आधी लेखी कळवावं लागतं, की अमुक सोमवारी सकाळी आठ वाजता आम्हाला मायकेलअँजेलो बघायची इच्छा होणार आहे. उद्या डब्याला कुठली भाजी न्यायची हे ज्या घरात आज रात्रीपर्यंत ठरत नाही, त्या घराने हे कळवायचं असतं.

रोमन लोकांना मात्र यात नवल वाटलं नसतं. कलोसियम इ.स. 80मध्ये सुरू झालं तेव्हाही कुणी वाटेल तसं आत घुसत नव्हतं. खालच्या 80 कमानींपैकी 76 कमानींवर आकडे कोरलेले होते, आणि काही आकडे आजही मान वर केली की दिसतात. प्रेक्षकाने आपल्या बिल्ल्यावरचा आकडा बघायचा आणि त्याच कमानीतून शिरायचं. त्या काळी पन्नास हजारांवर माणसं बसत असावीत असा अंदाज आहे. आज आत एका वेळी 3000 माणसंच सोडतात. म्हणून तेव्हा दार ठरलेलं असायचं आणि आता वेळ ठरलेली असते.

आमच्या रोमच्या बेताचं नेतृत्व मेहुण्यांकडे होतं. मेहुणे उत्साही आहेत. त्यांना रिकामी वेळ दिसली की अस्वस्थ वाटतं. तिकिटांचं काम भाचीकडे होतं, कारण तिला ओटीपी पहिल्या फटक्यात टाइप करता येतो. बाकी मंडळींत सासूबाई, बेबीआत्या, आम्ही उभयता आणि भाचीचा धाकटा भाऊ. एकूण सात. हा आकडा लक्षात ठेवायचा, कारण संकेतस्थळावर चारजणांच्या कुटुंबाला सहज मिळणारी वेळ सातजणांना मिळत नाही. साडेदहाच्या रकान्यात पाच जागा उरलेल्या असतात आणि सातांतून कुठले दोघं वगळायचे हा प्रश्न सासूबाईंसमोर चर्चेला घेता येत नाही.

भाचीने पहिली गोष्ट केली ती म्हणजे वार मांडले. आमच्याकडे सोमवार-गुरुवार बघतात ते उपासाच्या दृष्टीने. रोममध्ये ते दारांच्या दृष्टीने बघावे लागतात. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती उघडी असतात आणि प्रवेश फुकट असतो, म्हणून त्या दिवशी सगळं रोम तिथे असतं. कलोसियम महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट, त्या दिवशी आगाऊ वेळ मिळत नाही, फक्त रांग मिळते. बोर्गेझे नावाचं सुंदर कलादालन सोमवारी बंद. बुधवारी सकाळी पोप सेंट पीटरच्या चौकात लोकांना भेटतात, त्यामुळे तिथल्या चर्चमध्ये दुपारपर्यंत शिरता येत नाही. आम्ही शनिवारी संध्याकाळी पोचून बुधवारी पहाटे निघणार होतो, आणि आमचा रविवार महिन्याच्या मधला होता. तेव्हा कागदावर पेन न टेकवताच उत्तर आलं होतं: रविवारी कलोसियम, सोमवारी व्हॅटिकन, मंगळवारी बोर्गेझे.

"एवढंच?" मेहुणे म्हणाले. "तीन दिवसांत तीनच गोष्टी? लोक दोन दिवसांत आख्खं इटली करतात."

दुसरी गोष्ट म्हणजे खिडकी कधी उघडते. व्हॅटिकनची तिकिटं भेटीच्या 60 दिवस आधी विक्रीला येतात, कलोसियमची 30 दिवस आधी. म्हणजे व्हॅटिकनची वेळ पक्की करताना कलोसियमची वेळ काय मिळेल हे माहीत नसतं, आणि पुढच्या महिनाभरात आधीची वेळ बदलायची सोय नसते. दोन्ही एकाच दिवशी कोंबायचा बेत इथेच मोडतो. पहिलं तिकीट हातात घेऊन दुसऱ्याची वाट बघत बसायचं आणि दुसरं नेमकं पहिल्यावर येऊन आदळायचं. म्हणून जी खिडकी आधी उघडते तिला एक पूर्ण दिवस देऊन टाकावा, असा भाचीचा हिशोब होता. तिने व्हॅटिकनची सोमवारी सकाळी आठची वेळ घेतली. मोठ्यांना माणशी 20 युरो, वर आगाऊ नोंदणीचे 5. "पाच कसले?" असं सासूबाईंनी विचारलं. "रांगेत उभं न राहण्याचे," भाची म्हणाली. सासूबाईंनी आयुष्यभर रेशनपासून रॉकेलपर्यंत फुकट उभं राहून घेतलेलं असल्यामुळे त्यांना हा दर महाग वाटला.

खरी दुकानं ओळखण्याचं एक शास्त्र आहे. शोधयंत्रावर "कलोसियम तिकीट" टाकलं की वरची सहा-सात दारं हुबेहूब सरकारी दिसतात. नावात रोम असतं, चित्र कलोसियमचं असतं, फक्त दर दुप्पट असतो. व्हॅटिकनचं सोपं आहे, पत्त्याचा शेवट .va असा असायला हवा, कारण ती अक्षरं त्या एवढ्याशा देशालाच मिळालेली आहेत: tickets.museivaticani.va. कलोसियमचं खरं दार ticketing.colosseo.it हे. तिथे तिकीट 18 युरोंना मिळतं. मिळतं म्हणजे मिळालं तर. तिकिटं यंत्रांकडून भराभर उचलून चढ्या भावाने विकण्याचा धंदा तिथे इतका फोफावला होता की 2025च्या एप्रिलमध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने तिकीटविक्री करणारी जुनी संस्था आणि काही सहल कंपन्या मिळून जवळजवळ दोन कोटी युरोंचा दंड ठोठावला. मेहुण्यांना हे ऐकून बरं वाटलं. ब्लॅकची तिकिटं ही आपलीच परंपरा नाही, याचा त्यांना दिलासा मिळाला.

या धंद्यावर उपाय म्हणून ऑक्टोबर 2023पासून कलोसियमच्या तिकिटावर प्रत्येकाचं नाव असतं आणि दारात ते ओळखपत्राशी ताडून बघतात. इटालियन माणसाला हे सोपं आहे. त्याला एक नाव असतं आणि एक आडनाव. मराठी माणसाला मधे वडील असतात, मराठी बाईला मधे नवरा असतो. पासपोर्टात "गिव्हन नेम" या रकान्यात कुणाच्या नावापुढे वडील बसलेले, कुणाचे गळालेले. भाचीने सगळ्यांचे पासपोर्ट टेबलावर उघडे मांडले आणि जसंच्या तसं उतरवून घेतलं. बेबीआत्याशी येऊन ती थांबली.

"आत्याआजी, हा पासपोर्ट तुमचाच आहे ना?"

फोटो आत्याचाच होता. नाव होतं सुमंगला. माहेरी आत्या बेबी, शाळेत विमल, आणि लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेली सुमंगला. ते नाव नंतर कुणी हाकेला वापरलंच नाही. काका तिला "अगं" म्हणायचे. "सुमंगला ना, हो हो, मीच," आत्या जरा आठवून म्हणाली. तिकिटावर ते नाव गेलं. धाकट्याचं तिकीट शून्य युरोचं, कारण अठराच्या आतल्यांना फुकट. पण फुकट म्हणजे तिकीट नको असं नाही. शून्य युरोचं का होईना, त्याच्या नावाचं आणि त्याच वेळेचं काढावंच लागतं. नाहीतर आईबाप आत आणि फुकटातलं मूल बाहेर, असा प्रसंग येतो.

वेळ मिळाली रविवारी सकाळी साडेदहाची. आणि मग मेहुण्यांनी व्हॉट्सॲपवर रविवारचा कार्यक्रम टाकला.

त्यात 8 वाजता सेंट पीटरचं चर्च होतं. "संग्रहालय बंद असतं, चर्च थोडंच बंद असतं? आणि तिकीटही नाही." 9.30ला तिथून निघायचं. 10.15ला कलोसियम. 11.30ला फोरम. 12.30ला जेवण. 1.15ला ट्रेव्ही कारंजं. 2ला स्पॅनिश पायऱ्या. 3ला बोर्गेझे. 5ला "मोकळा वेळ (खरेदी)". प्रत्येक ओळीच्या मधलं अंतर नकाशाने सांगितलेल्या मिनिटांनी भरलेलं होतं.

भाचीने तो कागद घेतला आणि शेवटापासून वाचायला सुरुवात केली. तिचं म्हणणं असं, की वेळेच्या तिकिटाचा दिवस सकाळपासून पुढे मांडायचा नसतो, तिकिटाच्या वेळेपासून मागे मोजत यायचं असतं. साडेदहाचं तिकीट म्हणजे साडेदहाला पोचायचं तिकीट नव्हे. साडेदहाच्या रांगेत आधीच उभं असायचं, कारण तिकीट असलं तरी सुरक्षा तपासणी सगळ्यांनाच आहे. म्हणजे 10.10ला दारात. आपलं हॉटेल तेर्मिनी स्थानकाजवळ, तिथून मेट्रोच्या बी मार्गाने दुसरंच स्थानक कलोसेओ. गाडीत बसल्यापासून पाच मिनिटं. नकाशा म्हणतो एकूण सतरा मिनिटं.

"मग साडेनऊला निघालो तरी लवकर होईल," मेहुणे म्हणाले.

"नकाशातला माणूस एकटा असतो, मामा. त्याला गुडघे नसतात, त्याने सकाळी रक्तदाबाची गोळी घेतलेली नसते आणि लिफ्टमधून चौघंच मावतात हे त्याला माहीत नसतं."

ती पुढे मोजत गेली. सातजण लिफ्टच्या दोन खेपांनी खाली येणार. कुणीतरी चष्मा विसरणार, त्याची तिसरी खेप. तेर्मिनीत फलाट शोधणं, सात तिकिटं यंत्रातून घालणं, आत्या सरकत्या जिन्यावर पाय ठेवायच्या आधी एक दीर्घ श्वास घेते ती वेळ. रविवारी कलोसियमसमोरचा मोठा रस्ता वाहनांना बंद असतो, म्हणजे "उशीर झाला तर टॅक्सी करू" हा आपल्या घरातला हुकमी एक्का तिथे चालत नाही. सतरा मिनिटांची चाळीस झाली. म्हणजे साडेनऊच्या आत सगळे रस्त्यावर. न्याहारी आठ वाजता, आणि न्याहारीनंतर प्रत्येकाला खोलीत एकदा परत जाऊन यायला वेळ. शौचालयाचं कलोसियममध्ये गेल्यावर बघू, असं म्हणणाऱ्यांनी तिथली रांग बघितलेली नसते.

आणि मग ती सेंट पीटरपाशी आली. "तिकीट नाही हाच तर घोटाळा आहे. तिकीट नाही म्हणजे वेळ नाही, वेळ नाही म्हणजे रांग किती हे कुणालाच माहीत नाही. वीस मिनिटं असेल, दीड तासही असेल." ज्या रांगेला वेळ नाही, ती वेळ असलेल्या तिकिटाच्या आधी कधीच ठेवायची नाही. ती नंतर ठेवायची, जिच्यामागे कुणी घड्याळ घेऊन उभं नाही. एवढं एक कळलं की निम्मा बेत आपोआप बसतो. सेंट पीटर सोमवारी गेलं, संग्रहालयं झाल्यावर. ट्रेव्हीचं कारंजं आणि पायऱ्या संध्याकाळी गेल्या, कारण त्यांना वेळेचं तिकीट नाही.

मधल्या फोरमचं काय, हा मेहुण्यांचा प्रश्न बरोबर होता. पण कलोसियमच्या तिकिटातच फोरम आणि पॅलाटिन टेकडी येते. तिकीट 24 तास चालतं, तिथे एकदाच शिरता येतं आणि त्याला वेळ ठरलेली नसते. म्हणजे तो दिवसाचा लवचिक भाग. कलोसियम आधी झालं तर नंतर, उलट झालं तर आधी. फक्त तिथे सावली नावालाच आहे, आणि मे महिन्यात भर दुपारी दोन हजार वर्षांपूर्वीचे खांब बघताना आपलंही बांधकाम ढासळतं. म्हणून भाचीने कलोसियमनंतर जेवण, मग हॉटेलात पाठ टेकणं आणि चारनंतर फोरम अशी रचना केली.

"पाठ टेकणं?" मेहुणे. "त्यासाठी व्हिसा काढला?"

सासूबाई आणि आत्या यांनी मात्र हा मुद्दा एकमताने मंजूर केला.

प्रत्यक्ष रविवारी बेत बऱ्यापैकी चालला. हॉटेलातून निघताना सासूबाईंच्या पिशवीतून लिंबाच्या लोणच्याची बरणी निघाली. काचेची. कलोसियममध्ये काचेच्या वस्तू नेता येत नाहीत, मोठ्या बॅगा नेता येत नाहीत, आणि सामान ठेवायला जागाही तिथे नाही. म्हणजे ही तपासणी दारात करून उपयोग नाही, हॉटेलातच करावी लागते. "अहो जावईबापू, झाकण घट्ट आहे," त्या मला म्हणाल्या, जणू इटालियन सरकारची भीती तेल गळण्याची होती. बरणी खोलीवर राहिली. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या घेतल्या, त्याही अर्ध्या. रोममध्ये रस्तोरस्ती लोखंडी नळकोंडाळी चोवीस तास गार, पिण्याचं पाणी सोडत असतात. वाहत्या नळाकडे बघून सासूबाईंचा जीव कासावीस झाला, पण त्याला बंद करायची तोटीच नसते.

दहाला पाच मिनिटं असताना आम्ही दारात होतो. मेहुण्यांनी घड्याळाकडे बघून, फुकट गेलेल्या पंधरा मिनिटांबद्दल हळहळ व्यक्त केली. आमच्या मागे एक कुटुंब धावत आलं, त्यांची दहाची वेळ होती आणि ते दहा वाजून गेल्यावर कुठल्या रांगेत शिरावं ते शोधत होते. पहारेकऱ्याचा चेहरा कठोर नव्हता, तो फक्त दुसरीकडे बघत होता. मुहूर्त टळला तर आपल्याकडे गुरुजी मंगलाष्टकं लांबवून सांभाळून घेतात. तिथे गुरुजी नाहीत, तिथे बारकोड आहे.

आमची पाळी आली. पहारेकऱ्याने एकेक पासपोर्ट उघडून तिकिटाशी लावला. मेहुणे गेले, धाकटा शून्य युरोवर गेला. मग तो थांबला आणि इटालियन वळणाने मोठ्यांदा वाचलं, "सु-मान-गा-ला?"

कुणीच हललं नाही. त्याने पुन्हा वाचलं. आत्या शेजारच्या कमानीवरचा रोमन आकडा वाचण्यात गर्क होती.

"आत्याआजी, तुम्ही!" भाचीने तिला पुढे ढकललं.

"हो का? मला वाटलं, कुणीतरी हरवलंय," आत्या म्हणाली, आणि काकांनी तिच्यासाठी हौसेने निवडलेल्या नावावर पहिल्यांदाच कुठेतरी आत शिरली.

सोमवारचं व्हॅटिकन मेहुण्यांच्या अंदाजाने दोन तासांचं होतं. सिस्टीन चॅपेल बघायचं, बाहेर पडायचं. पण ते चॅपेल वाटेच्या शेवटी आहे, आणि वाट म्हणजे दालनामागून दालन. त्यातलं एकट्या नकाशांचं दालनच 120 मीटर लांब. गर्दी एकाच दिशेने सरकते, त्यात आपली गती म्हणजे पुढच्या माणसाची गती. पोशाखाचा नियमही कडक, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आत्या आणि सासूबाईंच्या साड्या पहिल्या नजरेत पास झाल्या. मेहुणे बर्म्युडावर आले होते, पण त्यांच्या बायकोने घरून निघतानाच पिशवीत पँट भरून दिली होती. तिला नियम माहीत नव्हता, नवरा माहीत होता. आठला आत गेलेले आम्ही साडेअकराच्या सुमारास बाहेर आलो. मग भिंतीला वळसा घालून सेंट पीटरच्या चौकापर्यंत पंधरा मिनिटांची चाल, तीही नकाशातल्या बिनगुडघ्याच्या माणसाची. आणि तिथे ती बिनवेळेची रांग, चौकाच्या अर्ध्या वर्तुळाएवढी. आम्हाला पुढे कुठेही जायचं नव्हतं, म्हणून ती रांग आम्हाला लांब वाटली नाही. आमच्या पुढचे गृहस्थ दर दोन मिनिटांनी मनगट बघत होते. त्यांचं एक वाजताचं कलोसियम होतं. मेहुण्यांनी त्यांच्याकडे एका जाणत्या माणसाच्या करुणेने पाहिलं आणि "बॅड प्लॅनिंग," असं आम्हाला मराठीत सांगितलं.

मंगळवारच्या बोर्गेझेत नियम उलटा आहे. तिथे वेळ लागते आत जायला, आणि बाहेर येण्याचीही वेळ ठरलेली. दोन तास झाले की सगळ्यांना निघावं लागतं. पिशव्या आधीच खाली जमा करायच्या. पण त्यामुळे बेर्निनीच्या संगमरवरी डॅफ्नीची बोटं पानं होताना निवांत बघता येतात, कारण आतली गर्दीही मोजूनच सोडलेली असते. शिवाय शेवट माहीत असला की गुडघेही सहकार्य करतात. "सगळीकडे असंच हवं," आत्या म्हणाली, "किती वेळ चालायचंय ते आधी सांगा, मग मी चालते."

संध्याकाळी हॉटेलात पुढच्या वेळच्या इटलीचा विषय निघाला. मिलानचं, लिओनार्दोचं "द लास्ट सपर" राहिलं होतं. भाचीने सांगितलं, की तिथे तर आणखी कडक आहे, मोजकी माणसं आत सोडतात आणि पंधरा मिनिटांत बाहेर काढतात. महिनोन्महिने आधी तिकीट बघावं लागतं.

"पंधरा मिनिटं?" मेहुणे ताठ बसले. त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे त्या तासातली पंचेचाळीस मिनिटं मोकळीच की!"